गालावरचे पांढरे चट्टे, खरखरीत नडग्या: मुलांचा कोरडेपणा परत का येतो आणि त्यावर कोणतं सनस्क्रीन चालतं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. डिसेंबरात मुलाच्या नडग्या आणि कोपरं खरखरीत होतात, नखाने हलकंसं ओढलं तरी पांढरी रेघ उमटते. घरात असेल ते लोशन लावतात, आठवड्याभरात त्वचा मऊ पडते, लोशन बंद होतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. मग मार्चमध्ये शाळा सकाळची झाली, मूल दुपारभर अंगणात खेळायला लागलं, की गालांवर रुपयाएवढे फिकट चट्टे दिसू लागतात. जवळून पाहिलं तर त्यावर पिठासारखा बारीक कोंडा असतो. आजी म्हणतात कॅल्शियम कमी पडलंय, शेजारच्या काकू म्हणतात जंत झालेत.

नाशिकला माझं औषधांचं दुकान आहे. थंडी आणि उन्हाळा या दोन्ही टोकांना लोक वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतात. हिवाळ्यात क्रीम मागतात आणि उन्हाळ्यात ‘चट्ट्यांचं मलम’. बऱ्याच घरांत हे दुखणं एकच असतं, फक्त ऋतूप्रमाणे त्याचा चेहरा बदलतो. म्हणून दोन्हींचा विचार इथे एकत्र केला आहे.

चट्टे कसले आहेत ते आधी ओळखा

कोरड्या त्वचेच्या मुलांच्या गालांवर, कधी दंडांवर येणाऱ्या या फिकट चट्ट्यांना त्वचारोगतज्ज्ञ पिटिरिआसिस अल्बा म्हणतात. हा इसबाचाच अगदी सौम्य भाऊबंद आहे. त्या जागी त्वचा कोरडी पडून किंचित सुजलेली असते, त्यामुळे तिथे रंगद्रव्य कमी तयार होतं. हिवाळ्यात हे फारसं लक्षात येत नाही. उन्हाळ्यात आजूबाजूचा गाल रापतो, चट्टा मात्र रापत नाही आणि मग तो उठून दिसतो. ‘उन्हाने चट्टे आले’ असं वाटतं ते यामुळे. कॅल्शियमचा किंवा जंतांचा याच्याशी संबंध नाही. अंगणवाडीत, शाळेत जंताची गोळी देतात ती मुलाला जरूर द्या, पण तिने चट्टे जातील अशी आशा ठेवू नका.

मात्र फिकट दिसणारा प्रत्येक चट्टा असा नसतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढराशुभ्र असतो, त्याची कड स्पष्ट असते आणि त्यावर कोंडा नसतो. गजकर्णाची कड उंचावलेली, लालसर आणि गोल असते, मध्ये त्वचा बरी दिसते आणि खाज भरपूर सुटते. आणि एक तपासणी घरी करून बघाच: मुलाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने चट्ट्यावर हळूच स्पर्श करा आणि ‘कुठे लागलं ते बोट लावून दाखव’ म्हणा. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुतेकदा स्पर्श कळेनासा होतो. हा आजार आपल्याकडे अजून संपलेला नाही आणि सुरुवातीला सापडला तर पूर्ण बरा होतो. अगदी लहान मुलाकडून या चाचणीचं खात्रीचं उत्तर मिळत नाही. शंका वाटली तर सरळ डॉक्टरांकडे जा.

चट्टा फिकट आहे, कडा धूसर आहेत, वर बारीक कोंडा आहे आणि नडग्याही खरखरीत आहेत, असं सगळं जुळत असेल तर पुढचं वाचा.

पहिली चूक बहुधा न्हाणीघरातच असते

मागच्या हिवाळ्यात दुकानात आलेल्या एका आईचं उदाहरण घेते. मुलगी तीन वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. मुलीच्या नडग्या आणि पोट खरखरीत, मुलाच्या दोन्ही गालांवर चट्टे. तिने तोवर चार-पाच क्रीमं बदलली होती आणि आता ‘ह्याच्यापेक्षा चांगलं’ मागत होती. मी क्रीम दाखवण्याआधी अंघोळ कशी घालता ते विचारलं.

“सासूबाई घालतात, ताई. छान तेल चोळतात, मग डाळीचं पीठ आणि साय लावतात आणि कढत पाण्याने न्हाऊ घालतात. शेवटी साबण.”

यातली एकेक गोष्ट प्रेमाची आहे, पण कोरड्या त्वचेच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. आधी चोळलेलं तेल पीठ आणि साबण मिळून काढून टाकतात. पीठ जोरात घासलं की त्वचेचा वरचा थरही खरवडला जातो. कढत पाणी त्वचेतली नैसर्गिक स्निग्धता विरघळवतं. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या घरात, तर त्वचेचा ५ च्या आसपास. अंग पुसून कपडे घालेपर्यंत उरलेला ओलावाही उडून जातो. नंतर तासाभराने मूल खाजवायला लागलं की लोशन शोधलं जातं.

क्रम असा बदलायला सांगितला: पाणी कोमट, इतकं की स्वतःच्या मनगटावर ओतलं तर गरमही वाटू नये आणि गारही. अंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरकायची. पीठ आणि साबण बंद, त्याऐवजी बिनवासाचा, त्वचेच्या पीएचच्या जवळ जाणारा सौम्य क्लिन्झर, तोही फक्त काखा, जांघा, मान आणि पाय एवढ्यापुरता. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंग किंचित ओलं असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावायचं.

मालिश सोडायला मी सांगितलं नाही, कारण आजींचा आणि नातीचा तो वेळ असतो. फक्त तेल अंघोळीनंतर ओल्या अंगावर लावायचं, नाहीतर रात्री झोपताना. खोबरेल तेल चालतं, सूर्यफुलाचंही चालतं. मोहरीचं तेल कोरड्या त्वचेवर टाळा, ते आग करतं. ऑलिव्ह तेलही नको. त्यात ओलेइक आम्ल भरपूर असतं, आणि ते त्वचेच्या वरच्या थरातली घट्ट बांधणी सैल करतं असं प्रयोगांत दिसलं आहे. महाग म्हणून ते चांगलंच असेल असं समजून बाळांना लावणारी घरं मी रोज पाहते. दिवाळीचं उटणं एका दिवसापुरतं हातापायांना हलक्या हाताने लावलं तर बिघडत नाही, पण भेगाळलेल्या जागी नको आणि चेहऱ्यावर तर नकोच.

बोअरच्या जड पाण्याबद्दल हमखास विचारणा होते. जड पाण्याच्या भागात इसब जास्त आढळतं हे खरं आहे. पण पाणी मऊ करणारं यंत्र घरी बसवून मुलांचं इसब कमी होतं का, याची इंग्लंडमध्ये रीतसर चाचणी झाली, २०११ साली तिचे निष्कर्ष आले आणि त्यात विशेष फायदा दिसला नाही. तेव्हा यंत्राचे हजारो रुपये वाचवा. जड पाण्यात साबणाचा चिकट थर अंगावर राहतो, त्यासाठी साबण कमी करणं आणि शेवटी अंगावरून साधं पाणी नीट सोडणं एवढं पुरे.

क्रीम चांगलं असतं, लावलं जातं थोडं

त्या आईकडची शेवटची ट्यूब १०० ग्रॅमची होती आणि दोन्ही मुलांना मिळून ती दीड महिना पुरली होती. तिच्यासाठी ही काटकसर, माझ्यासाठी हेच निदान.

मोजायची सोपी रीत अशी. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून क्रीमची एक रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाच्या पूर्ण अंगाला अशा सुमारे १८ रेघा लागतात: चेहरा आणि मान दीड, प्रत्येक हाताला दोन, प्रत्येक पायाला तीन, छाती-पोटाला तीन, पाठ आणि कुल्ल्यांना साडेतीन. म्हणजे एका वेळेला ९ ग्रॅम. अंघोळीनंतर सर्वांगाला आणि रात्री फक्त हातपाय आणि गालांना लावलं तरी आठवड्याला १०० ग्रॅम सहज संपतं.

हा हिशेब ऐकून त्या आईने कपाळाला हात लावला, आणि ते साहजिक होतं. पण त्यासाठी महागडी ट्यूब लागत नाही. मोठ्या डब्यातलं साधं, बिनवासाचं, पांढऱ्या पॅराफिनवर आधारलेलं क्रीम घ्या. ग्रॅममागे ते कितीतरी स्वस्त पडतं. नुसती पेट्रोलियम जेली सगळ्यांत स्वस्त आणि ओल्या अंगावर सगळ्यांत टिकाऊ, फक्त चिकट असते. माझा सल्ला असा असतो: रात्री नडग्या-कोपरांना जेली, दिवसा क्रीम. पंप दाबून निघणारं पातळ लोशन हिवाळ्यात पुरत नाही, कारण त्यात पाणीच जास्त असतं. ते पावसाळ्यासाठी ठेवा.

डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचताना दोन गोष्टी बघा. ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असेल तर तो डबा परत ठेवा, पुढे ‘बेबी’ लिहिलेलं असो वा ‘नॅचरल’. लॅव्हेंडर, टी ट्री, संत्र्याचं तेल हेही वासच आहेत. दुसरं म्हणजे युरिया आणि लॅक्टिक आम्ल. मोठ्यांच्या भेगाळलेल्या टाचांना ही उत्तम, पण लहान मुलाच्या उकललेल्या त्वचेवर झोंबतात. मूल ‘नको नको’ म्हणत क्रीमपासून पळत असेल तर तो हट्टीपणा नसेलही, आग होत असेल. ‘सिटोस्टिअरिल अल्कोहोल’ वाचून मात्र दचकू नका. नावात अल्कोहोल असलं तरी तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. कोरडं करतं ते ‘अल्कोहोल डिनॅट’, आणि त्याची गाठ पुढे सनस्क्रीनमध्ये पडेल.

डब्यात बोटं बुडवू नका, स्वच्छ कोरड्या चमच्याने काढून घ्या. आणि एक सावधगिरी, जी फारशी कुणी सांगत नाही: पॅराफिनचं क्रीम रोज लावलं की ते कपड्यांत आणि चादरीत मुरतं आणि असं कापड चटकन पेटतं. कपडे धुतले तरी सगळं निघत नाही. दिवाळीत फुलबाजी हातात देताना, देवघरातल्या निरांजनाजवळ मूल घुटमळत असताना हे लक्षात असू द्या.

जादू करणारं मलम

दुखणं परत परत येण्याचं दुसरं मोठं कारण आमच्याच दुकानांच्या फळ्यांवर असतं. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक अशी तिन्ही औषधं एकत्र असलेली मलमं लोक नावाने मागतात, कारण पूर्वी कुणाला तरी गुण आलेला असतो. गुण येतोच. तीव्र स्टिरॉइडने दोन दिवसांत कोंडा आणि लाली जाते. मलम थांबवलं की ती परत येते, पुन्हा लावलं की जाते. काही महिने असं चाललं की गालाची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि स्टिरॉइडमुळे रंग आणखी फिका पडतो. ज्या चट्ट्यासाठी मलम आणलं तोच वाढतो. चट्टा खरोखर गजकर्णाचा असेल तर ते आतल्या आत पसरतं आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. ही मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. कुणी देत असेल तरी घेऊ नका.

याचा अर्थ स्टिरॉइड म्हणजे विष असा नाही. बालरोगतज्ज्ञांनी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन ठरावीक दिवसांसाठी लिहून दिलं असेल तर सांगितलं तेवढे दिवस पूर्ण लावा. भीतीपोटी अर्धवट सोडलं तरी इसब परत येतं.

बरं होतंय हे कशावरून समजायचं

बहुतेक जण अडखळतात ते इथे. वर सांगितलेली अंघोळ आणि पुरेसं क्रीम सुरू केलं की खरखर आणि कोंडा दोन-तीन आठवड्यांत जातो. रंग मात्र जागच्या जागी राहतो. तो भरून यायला काही महिने लागतात, कधी वर्षही. आई-वडील बघतात रंगाकडे, म्हणून ‘ह्या क्रीमनेही काही झालं नाही’ असं म्हणून क्रीम बदलतात किंवा वर सांगितलेल्या मलमाकडे वळतात. रंग बघू नका, बोट फिरवून बघा. चट्ट्यावरून बोट गुळगुळीत गेलं, आजूबाजूच्या गालासारखंच लागलं, तर उपचार लागू पडला आहे. नंतरही क्रीम चालूच ठेवायचं, थंडीत रोज दोनदा आणि एरवी अंघोळीनंतर एकदा.

रंगाचा फरक कमी दिसावा यासाठी मात्र एक गोष्ट आपल्या हातात आहे. आजूबाजूचा गाल रापू द्यायचा नाही.

सनस्क्रीन निवडताना ट्यूब उलटी करा

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली आणि सुती कपडे पुरेत. त्यापुढच्या मुलांसाठी, विशेषतः त्वचा कोरडी असेल तर, ज्यात ऊन अडवणारा पदार्थ फक्त झिंक ऑक्साइड किंवा झिंक आणि टायटॅनियम डायऑक्साइड आहे असं सनस्क्रीन निवडा. एक तर ते झोंबत नाही. रासायनिक गाळण्यांची, म्हणजे ऊन अडवायला झिंकऐवजी इतर रसायनं घातलेली सनस्क्रीनं घामाबरोबर डोळ्यांत उतरली की आग होते आणि उकललेल्या गालांवर चुरचुरतात. दुसरं कारण सुरक्षिततेचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये जो प्रस्ताव मांडला, त्यात याच दोन पदार्थांना सुरक्षित आणि परिणामकारक म्हणण्याइतकी माहिती उपलब्ध असल्याचं म्हटलं. ऑक्सिबेन्झोन, अ‍ॅव्होबेन्झोन अशा बारा रसायनांबद्दल त्यांनी आणखी माहिती मागितली, कारण ती त्वचेतून रक्तात किती पोचतात याची पुरेशी माहिती नव्हती. ती घातक ठरली असा याचा अर्थ नाही. पण मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असतं, म्हणून दुसरा पर्याय हाताशी असताना तो घेणं शहाणपणाचं.

अडचण अशी की पुढच्या बाजूला ‘मिनरल’ किंवा ‘किड्स’ लिहिलेल्या कित्येक ट्यूबांत झिंकच्या जोडीला रासायनिक गाळण्याही असतात. म्हणून मागचं वाचायचं. आणि तिथे नावं बदललेली असतात. ऑक्सिबेन्झोन ‘बेन्झोफेनोन-३’ या नावाने येतं, ऑक्टिनॉक्सेट ‘इथाइलहेक्झिल मेथॉक्सीसिनामेट’ म्हणून, अ‍ॅव्होबेन्झोन ‘ब्यूटिल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन’ म्हणून. दुकानात उभ्या उभ्या पाठ म्हणायची गरज नाही, मोबाइलमध्ये या नावांचा फोटो ठेवा आणि ताडून बघा.

एसपीएफ ३० ते ५० पुरे. नीट लावलं तर ३० चं सुमारे ९७ टक्के आणि ५० चं ९८ टक्के किरण अडवतं, त्याच्या वरच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. एसपीएफ हा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या किरणांचा असतो. रापवणाऱ्या खोल किरणांसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा ‘पीए’ पुढे किमान तीन अधिक चिन्हं बघा. चट्ट्यांच्या मुलाला याचीच जास्त गरज आहे. वास नको. जेल, ‘मॅट’, ‘ऑइल फ्री’ असले प्रकार तेलकट चेहऱ्याच्या कॉलेजकुमारांसाठी असतात. त्यांत बऱ्याचदा ते डिनॅट अल्कोहोल असतं, कोरडा गाल त्याने आणखी कोरडा पडतो. क्रीम किंवा दाट लोशन घ्या. स्प्रे आणि पावडर नको, मूल ते श्वासात ओढतं. डास पळवणारं औषध मिसळलेलं सनस्क्रीनही नको, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं असतं आणि डासांचं औषध तितक्या वेळा लावायचं नसतं.

नवं सनस्क्रीन आधी मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा असं तीन-चार दिवस लावून बघा. लाली किंवा पुरळ आलं नाही तर चेहऱ्यावर लावा. वाहणाऱ्या किंवा चिरलेल्या जागी लावू नका, तिथे आधी क्रीमने त्वचा भरून येऊ द्या.

खोबरेल तेल लावून उन्हात पाठवलं की पुरे, असं समजू नका. ऊन अडवायला त्याचा फारसा उपयोग नाही. लिंबू तर चट्ट्यांवर कधीच चोळू नका. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. लिंबू सरबत बनवायला मदत केलेल्या मुलांच्या हातांवरही असे डाग दिसतात, म्हणून उन्हात जाण्याआधी हात धुवायला लावा.

आठ वर्षांच्या मुलाचा उन्हाळ्याचा हिशेब

त्या आईचा मुलगा सुट्टीत क्रिकेटच्या शिबिराला जाणार होता, सकाळी सात ते दहा. हाफ पँट आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट. चेहरा, मान, दोन्ही हात आणि गुडघ्याखालचे पाय उघडे. वरच्याच बोटाच्या मापाने या वयाच्या मुलाला चेहरा-मानेला दोन रेघा, हातांना मिळून पाच आणि गुडघ्याखालच्या पायांना पाच, म्हणजे सहा ग्रॅम लागतात. ५० ग्रॅमची ट्यूब आठ वेळांत संपणार. एवढं कुणी लावत नाही. चिमूटभर लावतात आणि एसपीएफ ५० चा परिणाम नावापुरता उरतो, कारण तो आकडा जाड थर लावून मोजलेला असतो.

हिशेब दुसऱ्या बाजूने केला. पूर्ण बाह्यांचा पातळ, घट्ट विणीचा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि कानमान झाकणारी रुंद काठाची टोपी. बेसबॉलची टोपी कान आणि मान उघडीच ठेवते. आता उरले चेहरा, मान आणि पंजे, म्हणजे तीन रेघा, दीड ग्रॅम. तीच ट्यूब तीसहून जास्त वेळा पुरली आणि प्रत्येक वेळी पुरेसा थर बसला. ‘गरम होईल’ ही तिची शंका होती. सुती किंवा घाम वाळवणाऱ्या कापडात तसं होत नाही, आपले शेतकरी मे महिन्यात पूर्ण बाह्यांचाच सदरा घालतात.

सकाळचा क्रम असा ठरला: अंघोळीनंतर क्रीम, दहा-पंधरा मिनिटं ते मुरू द्यायचं, मग सनस्क्रीन. दोन्ही एकदम फासली की झिंकच्या गुठळ्या होऊन वळकट्या निघतात. गाल, कपाळ, नाक, हनुवटी, कान असे ठिपके देऊन हळू पसरायचं, चोळून मुरवायचं नाही. झिंकने चेहरा थोडा भुरा दिसतो. ‘भूत झालोय’ म्हणून पोरगं आधी कुरकुरलं, पण शिबिराच्या मुलांना क्रिकेटपटूंच्या नाकावरचा पांढरा पट्टा ओळखीचा होता, त्यामुळे निभावलं. नऊच्या सुमारास पाणी प्यायच्या सुट्टीत चेहऱ्याला पुन्हा एकदा लावायचं.

घरी आल्यावर घासून काढायची घाई नको. झिंक पाण्याने लगेच निघत नाही, म्हणून लोक साबणाने दोनदा धुतात आणि संध्याकाळी गाल ताणल्यासारखे होतात. ओल्या मऊ कापडावर थोडं क्रीम घेऊन पुसून काढा, मग पाणी, मग पुन्हा क्रीम. ‘सनस्क्रीनने त्वचा कोरडी पडते’ ही तक्रार बहुतेकदा या धुण्याने आलेली असते.

पोहायला जाणाऱ्यांसाठी ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं घ्या, तिथे ४० किंवा ८० मिनिटं असा वेळ लिहिलेला असतो, तेवढ्यापुरतंच ते टिकतं. तलावातून बाहेर आलं की लगेच साध्या पाण्याने अंग धुऊन ओल्या अंगावर क्रीम, कपडे नंतर. क्लोरीन वाळू दिलं की त्या रात्री खाज ठरलेली.

घड्याळ बघायची सोय नसेल तेव्हा सावली बघा. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन तीव्र झालं. कोवळ्या उन्हात बसवायला हरकत नाही, पण ड जीवनसत्त्वाची सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. सूर्य इतका खाली असताना ते तयार करणारे किरण फार थोडे पोचतात. कमतरता असेल तर डॉक्टर थेंब किंवा पावडर देतात, त्यासाठी सनस्क्रीन बंद करायची गरज नाही.

ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उष्णतेने ती फुटते, म्हणजे पाणी आणि तेल वेगळं होतं. पिळल्यावर आधी पाणी आलं तर फेकून द्या. मागे उघड्या डबीचं चित्र आणि आत ‘१२ एम’ असं दिसेल, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने.

डॉक्टरांकडे कधी

दोन-तीन आठवडे हे सगळं नीट करूनही खरखर कमी झाली नाही, खाजेने मूल रात्री उठतंय, कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत लाल, जाड चकंदळं आहेत, तर हे इसब आहे आणि औषध लागेल. पिवळट खपल्या धरल्या किंवा पाणी वाहायला लागलं तर जंतुसंसर्ग झालेला असतो. इसबाच्या जागी एकदम बारीक, एकसारखे, दुखरे फोड उठले आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, नागिणीच्या जातकुळीच्या विषाणूचा तो संसर्ग असू शकतो. घरातल्या मोठ्यांनाही रात्री बोटांच्या बेचक्यांत खाज सुटत असेल तर खरूज असेल, मग सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं.

जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्याही. आणि चट्ट्याचे फोटो, महिन्यातून एक, शक्यतो त्याच खिडकीपाशी आणि त्याच वेळी काढलेले.